नथीजवळची पुटकुळी काढताना काळपट फराटा येतो : हीलिंग ब्रश, क्लोन स्टॅम्प की पॅच टूल?

चित्रा_डिचोली

नमस्कार मंडळी. मी लग्नांचे फोटो काढते आणि फोटोशॉपमध्ये एडिटिंगही स्वतःच करते. गेल्या आठवड्यात म्हार्दोळला एक लग्न केलं. नवरी अग्रशाळेच्या खोलीत तयार होत होती, तिथे डावीकडच्या खिडकीतून सुरेख उजेड येत होता, म्हणून तिचे क्लोजअप घेतले. ८५ एमएम लेन्स, एफ २. फोटो ४००० बाय ६००० पिक्सेलचा आहे आणि चेहऱ्याची उंची त्यात साधारण २२०० पिक्सेल भरते. घरच्यांना तो १२ बाय १८ इंचांत भिंतीवर लावायचा आहे, म्हणजे बारीकसारीक सगळं दिसणार.

उकाड्यामुळे आणि आदल्या दिवशीच्या जागरणामुळे तिच्या चेहऱ्यावर चार-पाच पुटकुळ्या आल्या होत्या. गालाच्या मधली हीलिंग ब्रशने एका फटक्यात गेली, काही कळतसुद्धा नाही. पण दोन जागी मी अडकले आहे. एक पुटकुळी नाकपुडीच्या खाचेला अगदी चिकटून, नथीच्या मोत्यांच्या सावलीत आहे. तिच्यावर ब्रश फिरवला की फिरवताना सगळं नीट दिसतं, आणि माऊस सोडला की तिथे काळपट-तपकिरी फराटा उमटतो. दुसरी कानाच्या वर, केसांच्या कडेला आहे. तिथे अबोलीची वेणी खाली आली आहे, आणि हीलिंग केल्यावर कातडीवर केशरी छटा पसरते.

क्लोन स्टॅम्प वापरून पाहिला तर ठिगळ लावल्यासारखं दिसतं. पॅच टूल फारसं वापरलेलं नाही. ही तीन हत्यारं नेमकी कुठे कुठलं वापरायचं, आणि मुख्य म्हणजे हा फराटा का येतो, हे कोणी समजावून सांगेल का?

केपेकर

चित्राताई, मी सगळं काम क्लोन स्टॅम्पनेच करतो. हीलिंग ब्रश स्वतःच्या मनाने काहीतरी करतो, आपल्या हातात राहत नाही. क्लोन घ्या, ब्रश अगदी मऊ ठेवा, ओपॅसिटी ३० टक्के, आणि हळूहळू चार-पाच वेळा फिरवा. ठिगळ दिसणार नाही. नथीजवळ तर क्लोनशिवाय पर्यायच नाही.

पेडण्याचा_बाबू

माझ्याकडे आजोबांचा एक जुना फोटो आहे. साधारण पोस्टकार्डाएवढा. त्यावर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत आणि मधून एक घडी गेली आहे, ती नेमकी गालावरून. स्कॅन करून ठेवला आहे. त्यालाही हेच चालेल का? माझ्याकडे फोटोशॉप नाही, गिंप आहे.

मांडवीकाठ

चित्राताई, प्रश्न छान मांडलात, मोजमापांसकट. त्यामुळे उत्तर नेमकं देता येईल. मी पणजीत रिटचिंगचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माऊस सोडल्यावर फराटा उमटतो, या तुमच्या निरीक्षणातच कारण दडलेलं आहे. हीलिंग ब्रश फिरवत असता तेव्हा तो तुम्हाला नुसती नक्कल दाखवतो, म्हणजे त्या क्षणी तो क्लोनसारखाच असतो. माऊस सोडला की खरा हिशोब सुरू होतो. जिथून नमुना घेतला तिथला पोत, म्हणजे रंध्रं, बारीक रेषा, लव, हे तो उचलतो. पण रंग आणि उजेड मात्र तिथून घेत नाही. ते तो तुमच्या फटक्याच्या कडेला लागून असलेल्या पिक्सेलांकडून घेतो आणि आतल्या बाजूला पसरवतो. भोकावर चारी बाजूंनी ताणून बसवलेल्या कापडासारखा हा रंग असतो. कड जशी असेल तसंच आतलं कापड बसणार.

गालाच्या मध्यावर फटक्याच्या चारी बाजूंना स्वच्छ कातडी होती. कड एकसारखी, म्हणून आतला रंगही बरोबर बसला. नथीजवळ मात्र तुमच्या फटक्याची एक बाजू गालावर आणि दुसरी नाकपुडीच्या गडद खाचेत, किंवा मोत्याच्या सावलीत पडली. ब्रशच्या दृष्टीने तीही कडच. त्याने तो काळपटपणा प्रामाणिकपणे आत ओढला. वेणीजवळही हेच झालं, फक्त तिथे कडेला अबोली होती म्हणून केशरी आलं. कुंकवाच्या कडेला केलंत तर लाल येईल.

म्हणजे हीलिंगपुढचा पहिला प्रश्न नमुना कुठून घ्यायचा हा नाहीच. फटक्याची कड कशावर पडते आहे, हा आहे. चारी बाजूंनी निदान थोडीतरी स्वच्छ कातडी मिळत असेल तर हीलिंग, नाहीतर नाही. आणि लक्षात घ्या, हा ब्रश फटक्याच्या किंचित बाहेरही बघतो. त्यामुळे अगदी काठोकाठ थांबलात तरी ओघळ येऊ शकतो.

क्लोनचं उलट. तो कडेकडे बघतच नाही. नमुन्याचा पोत, रंग, उजेड सगळं जसंच्या तसं आणून ठेवतो. म्हणून कडेजवळ तो सुरक्षित, आणि म्हणूनच मोकळ्या गालावर ठिगळ दिसतं. नमुन्याच्या जागी उजेड थोडा जरी वेगळा असला तरी तो फरक उघडा पडतो.

पॅच टूलबद्दल नंतर लिहितो, सध्या एक काम हातात आहे.

केपेकर

मांडवीकाठ, म्हणजे मी म्हणालो तेच. कडेजवळ क्लोन.

मांडवीकाठ

हो केपेकर साहेब, कडेजवळ क्लोन, यात दुमत नाही. पण ३० टक्के ओपॅसिटीवर चार-पाच वेळा फिरवण्याबद्दल मला बोलायचं आहे, कारण १२ बाय १८ च्या प्रिंटवर नेमकं तिथेच बिंग फुटतं.

कातडीचा पोत म्हणजे गडद-उजळ ठिपक्यांची नक्षी. एका नक्षीवर दुसरी नक्षी अर्धवट पारदर्शक ठेवली की एकीचे गडद ठिपके दुसरीच्या उजळ ठिपक्यांवर पडतात आणि दोन्ही फिकट होतात. अर्धी-अर्धी मिसळली तर पोताचा उठाव साधारण ७० टक्केच उरतो. चार-पाच वेळा वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने ३० टक्क्यांनी चढवले की तो अर्ध्याहूनही कमी उरतो आणि रंध्रं पुसट होतात. पुटकुळी जाते, तिच्या जागी मेणासारखा गुळगुळीत डाग राहतो. पडद्यावर पूर्ण फोटो बघताना तो लक्षात येत नाही. १०० टक्के झूमवर बघा, बाजूला ठळक रंध्रं आणि मध्ये पुसट असं दिसेल.

कमी ओपॅसिटीचा क्लोन उजेड सारखा करायला ठीक आहे, म्हणजे डोळ्याखालची सावली थोडी हलकी करायची असेल तर. पुटकुळीसारखी वस्तू पूर्ण झाकायची असेल तर १०० टक्के ओपॅसिटी, लहान ब्रश, आणि एक-दोन टिचक्या. बस.

केपेकर

हे खरं असू शकेल. माझे बहुतेक अल्बम मॅट कागदावर जातात, तिथे मला कधी जाणवलं नाही. १०० टक्क्यांवर मात्र कडा दिसतात, म्हणून मी कमी ठेवतो.

मांडवीकाठ

कडा दिसण्यावर उपाय ओपॅसिटी नाही, नमुन्याची जागा आहे. चित्राताईंच्या फोटोत उजेड डावीकडून येतो. म्हणजे गालावर डावीकडून उजवीकडे जाताना उजळपणा कमी होत जातो, पण वरून खाली जाताना फारसा बदलत नाही. तेव्हा क्लोनचा नमुना पुटकुळीच्या शेजारून, डावी-उजवीकडून न घेता, वरून किंवा खालून घ्यायचा. नथीजवळ तर अजून काटेकोर राहावं लागेल. सावलीची कड ज्या दिशेने वळते त्याच कडेवर, कडेपासून तितक्याच अंतरावर Alt धरून नमुना घ्या. मग सावलीची उतरणही जशीच्या तशी जुळते. ब्रशचा कडकपणा ५० ते ७० टक्के. अगदी मऊ ब्रशचा काठ पारदर्शक असतो, म्हणजे तिथे पुन्हा तोच मिसळण्याचा आणि पोत फिका होण्याचा प्रकार.

वहिनी_म्हापसा

मी शाळांच्या गॅदरिंगचे आणि पासपोर्टचे फोटो करते, त्यामुळे माझा अनुभव वेगळा असेल. मला पॅच टूल सगळ्यांत सोपं वाटतं. हनुवटीवर बारीक पुरळ असेल तर एकेक टिपत बसायचं कशाला? सगळ्या पुरळाभोवती लासोसारखी रेघ ओढायची, स्वच्छ गालावर सरकवायची, सोडून द्यायची. दोन सेकंदांत काम होतं. चित्राताई, तुम्ही संपूर्ण गाल एकदमच का करत नाही?

चित्रा_डिचोली

वहिनी, काल रात्री तसंच करून पाहिलं. डावा गाल, डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत. डाग गेले, पण चेहरा सपाट झाला. नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण ती ती वाटत नाही. घरी आईला दाखवला तर तीही म्हणाली, गाल सुजल्यासारखा दिसतोय.

मांडवीकाठ

आईंनी अचूक ओळखलं.

पॅच टूल म्हणजे मुळात हीलिंगच. हिशोब तोच : पोत नमुन्याचा, रंग कडेचा. फरक इतकाच की कड ब्रशच्या गोलाने ठरत नाही, तुम्ही ओढलेल्या रेघेने ठरते. हा त्याचा मोठा गुण आहे. आडव्यातिडव्या व्रणाभोवती, ओरखड्याभोवती, नाकाच्या बाजूला कड नेमकी स्वच्छ कातडीवरून नेता येते.

पण कडेला आतलं काही ठाऊक नसतं. चित्राताईंच्या नवरीच्या गालाच्या हाडावर खिडकीच्या उजेडाची एक चमक असणार. ती चमक तुमच्या रेघेच्या आत पडली, कडेवर नाही. पॅचने आतली मूळ चमक काढून टाकली आणि कडेचे मध्यम रंग आत पसरवले. चमक नाही म्हणजे हाडाचा उठाव नाही, म्हणून गाल सपाट आणि सुजलेला. उलटही होतं. नमुना म्हणून जिथे सरकवलंत तिथे जबड्याखालची सावली असेल तर तिचा उतारही पोताबरोबर येतो, आणि गालावर नसलेला खड्डा दिसायला लागतो. हीलिंग आणि पॅच नमुन्यातला फक्त बारीक पोतच घेतात असं समजू नये. नमुन्याच्या आत जो काही उजेडाचा चढउतार आहे तो सगळा येतो. नमुन्याची जागा एकंदरीत उजळ किंवा गडद असली तर हरकत नाही, ती आतल्या आत बदलती नको.

वहिनी, तुमच्या पासपोर्ट फोटोंत उजेड समोरून आणि दोन्ही बाजूंनी सारखा असतो, शिवाय फोटोही लहान. तिथे मोठा पॅच खपून जातो. बाजूच्या उजेडातल्या चेहऱ्यावर नाही खपत. माझा हात असा बसलाय : पॅचची रेघ डागाच्या बाहेर डागाच्या अर्ध्याएवढीच जागा ठेवून ओढायची, त्यापेक्षा मोठी नाही. हनुवटीवरचं पुरळ असेल तर तीन-चार छोटे पॅच.

वहिनी_म्हापसा

बरोबर, माझ्याकडे दोन्ही बाजूंना सॉफ्टबॉक्स असतो. बाहेरचा फोटो मी कधी केला नाही.

अजून एक विचारते. रिकाम्या लेयरवर माझं पॅच चालतच नाही. हीलिंग चालतं. असं का?

मांडवीकाठ

वहिनी, पॅच Normal मोडमध्ये असेल तर त्याला त्याच लेयरवर पिक्सेल लागतात. रिकाम्या लेयरवर उचलायला काही नसतं. Content-Aware मोडमध्ये Sample All Layers वर टिक केली तर रिकाम्या लेयरवर चालतं, पण त्या मोडमध्ये कड मिसळण्याचं काम तो जास्त स्वतःच्या मनाने करतो. मला चेहऱ्यासाठी Normal बरा वाटतो, म्हणून पॅचपुरता मी लेयर Ctrl+J करून घेतो.

हीलिंग आणि क्लोन मात्र नेहमी रिकाम्या लेयरवर, वरच्या पट्टीत Sample मध्ये Current & Below निवडून. All Layers निवडू नका. वरती कर्व्हचा लेयर असेल तर त्याने बदललेला रंग उचलला जातो, खाली ठेवला जातो, आणि त्यावर पुन्हा तोच कर्व्ह बसतो. मग दुरुस्त केलेली प्रत्येक जागा आजूबाजूपेक्षा उजळ किंवा गडद दिसते. लोक त्याचं खापर ब्रशवर फोडतात.

चित्रा_डिचोली

मांडवीकाठ दादा, आता नथीजवळच्या पुटकुळीचं सांगा. क्लोन केला तुम्ही म्हणालात तसा, नमुना नाकपुडीच्या कडेवरच थोडा खालून घेतला. सावलीची कड छान जुळली. पण पुटकुळी सुमारे ३० पिक्सेल रुंद आहे, आणि तिचा गालाकडचा अर्धा भाग क्लोनने नीट बसत नाही. तिथे रंग किंचित वेगळा पडतो.

मांडवीकाठ

उत्तम, म्हणजे अर्धं काम झालं. अशा जागी एकाच हत्याराने शेवटपर्यंत जायचा हट्ट करू नये. आधी क्लोन, मग हीलिंग, असं करा.

रिकामा लेयर. झूम २०० टक्के. क्लोन स्टॅम्प १० ते १२ पिक्सेलचा, कडकपणा ६०, ओपॅसिटी १००, Aligned चालू. या ब्रशने पुटकुळी पूर्ण झाकू नका. फक्त पुटकुळीची सावलीला चिकटलेली बाजू झाका, म्हणजे सावली आणि पुटकुळी यांच्यामध्ये स्वच्छ कातडीची एक बारीक पट्टी तयार होईल. पट्टी दहा-बारा पिक्सेल रुंद असली तरी पुष्कळ. आता पुटकुळीचा जो भाग उरला आहे त्याच्या चारी बाजूंना कातडी आहे. तिची कड आता सावलीवर पडत नाही.

मग त्याच लेयरवर हीलिंग ब्रश घ्या, २० पिक्सेलच्या आसपास, कडकपणा पूर्ण १००. हीलिंग कड स्वतःच मिसळतो, त्याला मऊ ब्रश दिला की भोवती धूसर वर्तुळ पडतं. नमुना गालावरचा, पण नाकाच्या जवळचा. नाकाजवळची रंध्रं मोठी असतात आणि कपाळाची बारीक, कपाळाचा पोत इथे आणला तर लगेच परका वाटतो. एकच टिचकी द्या. लांब फटका मारू नका. लेयरवर आधीच तुमची क्लोन केलेली पट्टी आहे, आणि Current & Below असल्यामुळे हीलिंग तिलाच कड मानेल.

ब्रशचा ओघळ तरीही थोडा येत असेल तर आधी लासोने सिलेक्शन करा. पुटकुळीपेक्षा मोठं, पण सावलीच्या बाजूला सिलेक्शनची रेघ नेमकी सावलीच्या काठावरून न्या. सिलेक्शनच्या बाहेरचा रंग हीलिंग आत ओढत नाही. वेणीजवळच्या जागेसाठी हाच उपाय करा, तिथे पट्टी बनवायचीही गरज पडणार नाही. फक्त केसांच्या कडेला जी बारीक लव असते ती सिलेक्शनच्या बाहेर ठेवा. ती कापली गेली की डोक्यावर टोप घातल्यासारखं दिसतं.

केपेकर

क्लोनचा मोड Lighten केला तर? मी काळ्या ठिपक्यांना तसं करतो.

मांडवीकाठ

ही युक्ती खरोखर चांगली आहे, केपेकर साहेब. Lighten मध्ये क्लोन फक्त नमुन्यापेक्षा गडद असलेले पिक्सेल बदलतो, उजळ पिक्सेल तसेच राहतात, म्हणजे मूळ पोत बराचसा टिकतो. मुरुमांच्या जुन्या तपकिरी डागांवर आणि दाढीच्या खुंटांवर उत्तम. लाल पुटकुळीवरही लाली बरीच जाते, कारण तिथे हिरवा आणि निळा चॅनेलच गडद झालेला असतो. पण ताज्या पुटकुळीच्या टोकावर घामाची किंवा तेलाची चमक असते. ती उजळ असल्यामुळे Lighten तिला हात लावत नाही. लाली गेलेली आणि मधोमध पांढरा ठिपका उरलेला, असं दिसेल. तो ठिपका मग छोट्या हीलिंगने टिपायचा.

पेडण्याचा_बाबू

माझं उत्तर राहिलं.

मांडवीकाठ

बाबू, राहिलं खरं. गिंपमध्ये क्लोन आणि हील दोन्ही आहेत, नमुना Alt ऐवजी Ctrl धरून घ्यायचा. रिकाम्या लेयरवर काम करायचं तर Sample merged चालू ठेवा. पॅचसारखं वेगळं हत्यार मूळ गिंपमध्ये नाही, पण तुमच्या फोटोला त्याची गरजही नाही.

तुमचा प्रश्न चित्राताईंपेक्षा वेगळा आहे. तिथे कातडीचा पोत जपायचा आहे. तुमच्याकडे कातडीचा पोत फारसा नाहीच, जो दिसतो तो कागदाचा आणि फोटोचा दाणा आहे. बुरशीचे ठिपके सुटे असतील तर हीलने एकेक टिपा. घडी मात्र गालावरून जाऊन कॉलरवर किंवा केसांवर जात असेल, तिथे ती कडा ओलांडते. ओलांडते त्या जागा आधी क्लोनने जोडून घ्या, मग मधले तुकडे हीलने. पट्टीचं जे वर लिहिलं तेच तत्त्व. स्कॅन किती डीपीआयवर केलाय?

पेडण्याचा_बाबू

३००.

मांडवीकाठ

पोस्टकार्डाएवढा फोटो असेल तर ६०० वर पुन्हा स्कॅन करा. ३०० वर चेहऱ्याला पिक्सेलच कमी मिळतात आणि दोन टिचक्यांतच चेहरा पुसट होतो. नवा धागा काढा, तिथे बोलू.

चित्रा_डिचोली

दादा, झालं! क्लोनची पट्टी आणि मग हीलिंगची एक टिचकी. फराटा नाही, मोत्याची सावली जागेवर. वेणीजवळही सिलेक्शन करून केलं, केशरी छटा गेली.

उजव्या गालावर मात्र, कानाच्या बाजूला, एक डाग हीलिंगने काढला तर ती जागा भोवतालापेक्षा जास्त धारदार दिसते आहे. रंग बरोबर आहे.

मांडवीकाठ

एफ २ वर कानाकडचा गाल फोकसबाहेर गेला असणार. तुम्ही नमुना नाकाजवळच्या धारदार भागातून घेतलात. पोत आला, त्याबरोबर धारही आली. त्या जागेचा नमुना कानाजवळच्या तितक्याच धूसर कातडीतूनच घ्या. चेहऱ्यावर फोकसचे पट्टे असतात असं धरून चाला आणि ज्या पट्ट्यातला डाग त्याच पट्ट्यातला नमुना घ्या. हा नियम तिन्ही हत्यारांना सारखाच लागू.

तपासायला एक उपाय सांगतो. सगळ्यांच्या वर एक ब्लॅक अँड व्हाइट लेयर आणि त्यावर कर्व्हचा लेयर टाकून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा. ठिगळं, सपाट झालेल्या जागा, पुन्हा पुन्हा आलेला एकच नमुना, सगळं उघडं पडतं. बघून झालं की दोन्ही लेयर बंद करा. त्या वाढलेल्या कॉन्ट्रास्टमध्ये दिसणारं सगळं दुरुस्त करत बसू नका, कारण त्यात खरी कातडीसुद्धा खराब दिसते. फक्त तुम्ही हात लावलेल्या जागा बघा.

वहिनी_म्हापसा

एक गोष्ट कोणी विचारली नाही. नवरीच्या चेहऱ्यावर तीळ किंवा जुना व्रण आहे का? तो काढायचा की ठेवायचा? माझ्याकडे एका मुलीच्या हनुवटीवरचा तीळ मदतनीसाने पुरळाबरोबर पुसला, तर तिच्या आईने फोटो परत केला.

चित्रा_डिचोली

आहे वहिनी. भुवईच्या वर कांजिण्यांचा एक खड्डा आहे. बाजूच्या उजेडामुळे तो जरा खोल दिसतो. नवरीला विचारलं तर म्हणाली, तुम्हाला बरं वाटेल तसं करा. सासरच्यांनी काढा म्हणून सांगितलंय.

केपेकर

पैसे देणारे सांगतील तसं. काढून टाका.

वहिनी_म्हापसा

पुटकुळी पुढच्या आठवड्यात जाणार, म्हणून ती काढणं मला पटतं. तो खड्डा तिच्या लहानपणापासूनचा आहे. मी नसता काढला. आणि चेहरा तिचा आहे, तिलाच पुन्हा एकदा नीट विचारा.

मांडवीकाठ

मीही वहिनींच्या बाजूचा आहे, पण हा निर्णय मी इथून देणार नाही. कामाच्या बाजूने इतकं सांगतो : तो खड्डा वेगळ्या रिकाम्या लेयरवर हील करा, पुटकुळ्यांच्या लेयरवर नको. मग त्या एकट्या लेयरची ओपॅसिटी ४०-५० टक्क्यांवर आणली की खड्डा राहतो, पण उजेडामुळे आलेली जादा खोली कमी होते. शून्य, अर्धा आणि पूर्ण असे तिन्ही नमुने तिला दाखवता येतील. इथे अर्ध्या ओपॅसिटीने पोत थोडा फिका होईल हे खरं, पण जागा लहान आहे.

भुवईचे केस जवळ आहेत, तेव्हा हीलिंगची कड केसांवर पडू देऊ नका.

चित्रा_डिचोली

तिला उद्या फोन करते आणि तिन्ही पाठवते.

शेवटचं एक. मूळ रॉमध्ये एक्स्पोजर थोडं वाढवायचं राहिलंय. आता वाढवलं तर चालेल ना?

मांडवीकाठ

रॉमध्ये नको! तुमच्या हीलिंग-क्लोनच्या लेयरवर जुन्या उजेडाचे पिक्सेल बसलेले आहेत. खालचा फोटो उजळला की ते सगळे तुकडे गडद ठिपके होऊन वर येतील. सगळ्या दुरुस्तीच्या वर कर्व्हचा लेयर टाका आणि तिथे उजेड वाढवा. पुढच्या फोटोपासून रॉमधलं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स आधी ठरवून घ्या, मगच ब्रश हातात घ्या.

केपेकर

यावर माझं मत वेगळं आहे. मी रंग आधी पूर्ण करतो, कॉन्ट्रास्टसकट, मग रिटचिंग करतो. कॉन्ट्रास्ट वाढल्यावर जे डाग दिसतात ते आधी दिसतच नाहीत.

मांडवीकाठ

त्यातही तथ्य आहे. मी कॉन्ट्रास्टचा लेयर वर ठेवून तो चालू असताना खाली काम करतो, पण तुमच्या पद्धतीने काम करणारे चांगले रिटचर मला माहीत आहेत.